ब्रॅकीथेरपीत सुया घालणार आहेत, मदत हवी आहे

आईला (वय ५८) गर्भाशयमुखाचा कॅन्सर, स्टेज २बी. बाहेरून रेडिएशनचे २५ डोस आणि दर आठवड्याची सिस्प्लॅटिनची केमो झाली. गाठ बरीच आक्रसली. आता ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून रेडिएशन; गाठ लहान झाल्यावरच इरिडियमचा किरणोत्सारी स्रोत तिच्या अगदी जवळ नेता येतो. थोड्या अंतरावर त्याचा जोर झपाट्याने ओसरतो, म्हणून मूत्राशय-गुदाशयाला कमी झळ लागते, इतकं डॉक्टरांनी समजावलं. पण उजवीकडे बाजूला पसरलेला भाग अजून आहे, त्यामुळे गर्भाशयातल्या नळीबरोबर सुयाही घालणार, कमरेतून भूल देऊन. सगळे उपचार आठ आठवड्यांत संपवायचे, म्हणजे पुढे ढकलणं नको. एमआरआय झालाय, रक्त पातळ करायची गोळी चालू नाही. सुया तशाच ठेवून दोन डोसांच्या मध्ये रात्रभर उताणं पडून राहावं लागतं का, आणि भूल उतरल्यावर दुखू नये म्हणून काय देतात?