सेवा बंद पडली तरी कार्डावरून पैसे जातच आहेत: अनुभव लिहा

चाफेकळी: जुनी स्टेटमेंटं फाडताना हा विषय आठवला. साइट उघडत नाही, मेल परत येतात, पण दर महिन्याला रक्कम वेळच्या वेळी वळती होते. वसुलीचं वेळापत्रक बऱ्याचदा त्या कंपनीच्या सर्व्हरवर नसून पेमेंट गेटवेकडे असतं. दुकानाला कुलूप लागलं तरी ते चालूच. तुम्ही काय केलंत?

घाईत_आहे: सोप्पंय. कार्ड ब्लॉक करा, नवीन घ्या.

लेजरवाला: अर्धंच बरोबर. व्हिसा, मास्टरकार्ड नवीन कार्डाचा नंबर जुन्या व्यापाऱ्यांना आपोआप कळवू शकतात, त्यामुळे वसुली नव्या कार्डावर सुरू होते. बँकेला लेखी कळवा: 'या व्यापाऱ्याला दिलेली परवानगी मी रद्द करत आहे, पुढचे व्यवहार थांबवा.' व्यापाऱ्याचं नाव स्टेटमेंटवर आहे तसंच लिहा, ते ॲपच्या नावाहून वेगळं असू शकतं.

पिंपळपान: माझं नेट आठवडाभर बंद होतं, बिल पूर्ण आलं. ते इथे चालेल का?

चाफेकळी: ती कंपनी जिवंत आहे हो, आधी तिच्याशीच भांडा 😀

घाईत_आहे: बरं, आणि गेलेले पैसे? मी 'फसवणूक' म्हणून तक्रार टाकली, फेटाळली.

लेजरवाला: फेटाळणारच. पहिली परवानगी तुमचीच होती. 'सेवा मिळाली नाही' हे कारण द्या आणि चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागा. मुदत साधारण १२० दिवस, प्रत्येक वसुलीची वेगळी. समजा सेवा १० मार्चला बंद झाली, वसुली दर १ तारखेला, तुम्हाला कळलं २० ऑगस्टला. १ मेच्या वसुलीला १११ दिवस झाले, म्हणजे मे ते ऑगस्टच्या चारही मागता येतील. १ एप्रिलची बहुधा गेली. वर्षाचे पैसे एकदम भरले असतील तर मुदत सेवा थांबल्यापासून मोजली जाऊ शकते, हे बँकेला मुद्दाम सांगा. पुरावा म्हणून बंद साइटचा तारखेसह स्क्रीनशॉट, परत आलेला मेल, बंद करत असल्याची त्यांची सूचना जोडा.

पिंपळपान: कंपनीच बुडाली तर पैसे देणार कोण?

लेजरवाला: व्यापाऱ्याची बँक. त्याच्याकडून वसूल झाले नाहीत तर तोटा तिचा. म्हणून कंपनी बुडाली असली तरी दावा करायचाच.

रातकिडा: ॲप स्टोअरमधून घेतलं असेल तर हे सगळं नको. ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी रद्द होत नाही. आयफोनवर `Settings` मध्ये आपलं नाव, मग `Subscriptions`. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये `Payments & subscriptions`. ॲपलचा परतावा `reportaproblem.apple.com` वर मागा. पेपॅल असेल तर तिथली स्वयंचलित पेमेंटची यादी बघा.

चाफेकळी: थेट खात्यातून जात असेल तर? कार्डच नाही मध्ये.

घाईत_आहे: हाच प्रश्न माझाही. कुकर झालाय, येतो.