फर्मवेअर अपडेटनंतर इन्व्हर्टर दुपारी बंद पडतो: ग्रिडच्या सेटिंगची किल्ली कोणाकडे असावी?

कडक ऊन:
सोलर इन्व्हर्टरचं फर्मवेअर आपोआप अपडेट झालं आणि तेव्हापासून भर दुपारी तो वारंवार बंद पडतोय. स्क्रीनवर Grid Overvoltage. वरची मर्यादा २५३ व्होल्ट दिसते, पण हात लावायला गेलो की कोड मागतो. इन्स्टॉलर म्हणतो कोड इन्व्हर्टरची कंपनी देते. इन्व्हर्टर माझ्या पैशाचा, मग सेटिंग मला का बदलता येऊ नये? आणि मला नसेल परवानगी, तर मला न विचारता बदलायची परवानगी कंपनीला कुणी दिली?

पाना-पकड:
एवढं काही नाही त्यात. मी बसवायचं काम करतो, अशी तक्रार नेहमीची आहे. कोड मागवायचा, २५३ चं २६५ करायचं, बंद पडणं थांबतं. इन्व्हर्टरला त्याने काही होत नाही, आतले पार्ट त्याहून बरंच जास्त सोसतात. दोन मिनिटांचं काम. ग्राहक ओरडतो तो माझ्या नावाने, वितरण कंपनीच्या नाही. म्हणून माझं मत सरळ आहे: जो बसवतो त्याच्याकडे किल्ली हवी.

जुनी बॅटरी:
माझाही इन्व्हर्टर लाइट गेली की बीप-बीप करतो आणि अर्ध्या तासात बसतो. फर्मवेअर अपडेट केलं तर बॅकअप वाढेल का?

फीडरवाला:
जुनी बॅटरी, तुमचा बॅटरीवाला इन्व्हर्टर ग्रिडमध्ये वीज ढकलत नाही, त्यामुळे हा प्रश्न तुमच्यापाशी येतच नाही. आधी बॅटरी तपासून घ्या.

पाना-पकड, इन्व्हर्टर २६५ सोसतो हे खरं. पण ती मर्यादा इन्व्हर्टरला वाचवायला ठेवलेलीच नाही. त्या लाइनवर बाकी जे काही जोडलेलं आहे त्यासाठी ती आहे. आणि २६५ केल्यावर काय होतं ते नीट बघा. एका फीडरवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून निघालेल्या एकाच लाइनवर, दहा घरांत सोलर आहे असं धरा. नऊ जण २५३ वर, एक २६५ वर. दुपारी व्होल्टेज चढलं की नऊ जणांचे इन्व्हर्टर बाजूला होतात, आणि दहावा आरामात ढकलत राहतो. म्हणजे तुमच्या ग्राहकाची वाचलेली युनिटं शेजाऱ्यांच्या खिशातून आली. मग शेजारीही तुम्हालाच फोन करतात, तुम्ही त्यांचंही २६५ करता, आणि आता ते व्होल्टेज सगळ्यांच्या उपकरणांवर दिवसभर.

कडक ऊन, कोडच्या मागे लागण्याआधी एक मोजमाप करा. भर उन्हात, इन्व्हर्टर पूर्ण चालू असताना, त्याच्या टर्मिनलवर आणि मीटरपाशी एकाच वेळी व्होल्टेज घ्या. स्वतः झाकण उघडू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. इन्व्हर्टर किती किलोवॅटचा, केबल किती जाडीची आणि किती लांब, तेही सांगा.

कडक ऊन:
५ किलोवॅट, सिंगल फेज. केबल ६ स्क्वेअर एमएम तांब्याची, छपरापासून मीटरपर्यंत साधारण ४० मीटर. आज दुपारी मीटरपाशी २४८, इन्व्हर्टरपाशी २५३ च्या आसपास.

फीडरवाला:
मग निम्मं उत्तर तुमच्या केबलमध्येच आहे. ५ किलोवॅट म्हणजे २५० व्होल्टला २० अँपिअर. ६ स्क्वेअरच्या तांब्याच्या केबलचा रोध मीटरमागे ३ मिलिओहमच्या थोडा वर असतो. जाणं-येणं मिळून ८० मीटर, म्हणजे पाव ओहम. २० गुणिले पाव, ५ व्होल्ट. ग्रिड २४८ वरच आहे, वरचे ५ व्होल्ट तुमच्याच तारेत तयार होतात आणि इन्व्हर्टरला वाटतं ग्रिड चढलं. हीच केबल १६ स्क्वेअरची असती तर फरक २ व्होल्टच्या आत राहिला असता आणि इन्व्हर्टरला २५० दिसलं असतं. कोड न लागता.

रात्रीही मीटरपाशी २४५ च्या वर दिसत असेल तर मात्र ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे बाहेर किती व्होल्टेज जाईल ते ठरवणारी जोडणी, वर ठेवलेला आहे. ती तक्रार वितरण कंपनीकडे लेखी द्या.

मालक मीच:
केबल-बिबल ठीक आहे, पण मूळ प्रश्न बाजूला पडला. केबल पहिल्या दिवसापासून ६ स्क्वेअरचीच आहे ना? अपडेटच्या आधी चाललं, नंतर बंद पडलं. केबल बदललेली नाही, फर्मवेअर बदललंय. आणि ते बदलणारी कंपनी कुठल्या देशात बसते हेही आपल्याला माहीत नसतं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत काही लोकांचे इन्व्हर्टर कंपनीने दुरून बंद केले होते, कारण होतं विक्रीच्या हक्कांचं भांडण. ग्रिडच्या सुरक्षेच्या नावाखाली मालकाला कुलूप आणि कंपनीला मागचं दार, हे मला मान्य नाही. मालकाला पूर्ण ताबा द्या. चुकीचं केलं तर दंड करा.

निळी वायर:
मी या क्षेत्रात एम्बेडेड सॉफ्टवेअरचं काम करते. मालक मीच यांचा पहिला मुद्दा अगदी बरोबर आहे: केबल तीच, मग फरक कशाने पडला? कडक ऊन, अ‍ॅपमध्ये अपडेटच्या आधीच्या एखाद्या निरभ्र दिवसाचा आलेख काढा आणि आत्ताचा त्याच्या शेजारी ठेवा. आधीच्या आलेखाचा माथा दुपारी सपाट कापल्यासारखा दिसतो का? आणि आत्ताचा करवतीच्या दात्यांसारखा, शून्यावर येतो, मिनिटभराने परत चढतो, परत शून्य?

कडक ऊन:
हो! आधी दुपारी ४ किलोवॅटच्या जरा वर सपाट रेघ आहे. मला वाटायचं पॅनेलवर धूळ असेल. आता अगदी दाते.

निळी वायर:
मग माझा अंदाज असा. आधी व्होल्ट-वॅट चालू होतं. व्होल्टेज चढायला लागलं की इन्व्हर्टर आपणहून उत्पादन उतरवायचा, त्यामुळे २५३ पर्यंत पोचायचाच नाही. अपडेटमध्ये ग्रिड कोडचं प्रोफाइल, म्हणजे देशाच्या ग्रिड नियमांप्रमाणे लावलेली सगळी सेटिंग, मूळ पदावर गेलं असावं आणि त्यात व्होल्ट-वॅट बंद आहे. आता तो बेधडक ५ किलोवॅट ढकलतो, २५३ ला आपटतो, ग्रिडपासून सुटतो, थांबतो, पुन्हा जोडून घेतो. मर्यादेचा आकडा बदललेला नसणार. सेटिंगच्या पानावर ग्रिड कोड किंवा देश म्हणून काय लिहिलंय ते बघा आणि बसवतानाच्या अहवालाशी ताडून पाहा.

किल्लीचं म्हणाल तर मला इथले सगळेच जण अर्धवट वाटतात. आकडे कुलपात ठेवले की झालं, असं धरून चाललोय आपण. पण आकडा तोच ठेवून फर्मवेअर त्याचा अर्थ बदलू शकतं. २५३ हे १० मिनिटांच्या सरासरीला लावायचं की क्षणाच्या मोजमापाला, हे फर्मवेअरच्या आत ठरतं. सेटिंगच्या पानावर दोन्ही वेळा २५३ च दिसेल, आणि एक इन्व्हर्टर दिवसभर चालेल, दुसरा दर ढगामागे सुटेल.

याचं मोठं उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. १६ ऑगस्ट २०१६ ला ब्लू कट नावाच्या वणव्यामुळे तिथल्या उच्चदाबाच्या लाइनवर दोष आले आणि एका झटक्यात जवळजवळ १,२०० मेगावॅट सौर उत्पादन गेलं. त्यातले सुमारे ७०० मेगावॅट गेले ते इन्व्हर्टरनी फ्रिक्वेन्सी चुकीची मोजल्यामुळे. त्यांना क्षणभर ५७ हर्ट्झच्या खाली दिसलं आणि ते तत्क्षणी सुटले. तिथला ग्रिड ६० हर्ट्झचा, आणि त्याची खरी फ्रिक्वेन्सी ५९.८ च्या खाली गेलीच नव्हती. ५७ ची मर्यादा नियमाप्रमाणेच होती. चूक मोजण्याच्या पद्धतीत आणि थांबून खात्री न करण्यात होती. इथे सेटिंगची किल्ली कुणाकडे होती याने काय फरक पडला असता?

पाना-पकड:
म्हणजे शेवटी कंपनीच बदलणार आणि शिव्या मी खाणार.

फीडरवाला:
निळी वायर ताई, तुमचं पटतं, पण दुरून बदलण्याची सोय काढून टाकायला मी तयार नाही. जर्मनीत ग्रिड ५० हर्ट्झचा, आणि जुन्या नियमाने इन्व्हर्टर ५०.२ हर्ट्झला एकदम सुटायचे. थोडे होते तोवर ठीक. मग ते गिगावॅटमध्ये गेले आणि सगळे एकाच आकड्याला सुटणार हे लक्षात आलं. युरोपचा ग्रिड ३ गिगावॅटचा अचानक तुटवडा झेलण्याच्या हिशेबाने चालतो, हे त्याच्या कितीतरी पलीकडे होतं. २०१२ मध्ये खास नियम काढून तीन लाखांवर जागी माणसं पाठवून सेटिंग बदलावी लागली, वर्षं गेली. उलट हवाईत २०१५ मध्ये एकाच कंपनीचे सुमारे ८ लाख मायक्रोइन्व्हर्टर दुरूनच नव्या सेटिंगवर नेले. वितरण कंपनीने मागितलं, उत्पादकाने केलं.

माझं म्हणणं एवढंच की संरक्षणाचे आकडे ग्रिड चालवणाऱ्याने ठरवावेत, आणि बदलणाऱ्याचं नाव मागे राहावं. एसएमए या जर्मन कंपनीच्या इन्व्हर्टरमध्ये पहिले १० तास चालून झाले की ग्रिडशी संबंधित सेटिंगला ग्रिड गार्ड नावाचा वैयक्तिक कोड लागतो. एकच सामाईक पासवर्ड सगळ्यांना पाठ असण्यापेक्षा ते बरं. इन्स्टॉलरच्याच हाती सगळं सोडलं तर काय होतं ते ऑस्ट्रेलियात दिसलं: नवं मानक सक्तीचं झालं तरी २०२२ च्या सुरुवातीला बसवलेल्या इन्व्हर्टरपैकी निम्म्याहून कमी त्यावर बरोबर लावलेले निघाले. यादीतून चुकीचं प्रोफाइल निवडलेलं, बस.

मालक मीच:
हवाईत वितरण कंपनीने मागितलं तेव्हा घरमालकांना कुणी विचारलं का? तुमच्या सोयीचं असलं की दुरून बदल चांगला, आणि कडक ऊन यांच्या घरी झाला तो वाईट. फरक काय?

निळी वायर:
फरक नोंदीचा आहे. ग्रिडचे आकडे फर्मवेअरपासून वेगळ्या जागी साठवावेत, अपडेटला तिथे लिहिता येऊ नये. लिहायचंच असेल तर जुनं आणि नवं दोन्ही मालकाला दिसावं. आणि मोजण्याचा किंवा सुटण्याचा भाग बदलला असेल तर त्या आवृत्तीची ग्रिड चाचणी पुन्हा व्हावी. वाचायची परवानगी मालकाला पूर्ण हवी, त्यात मला कुठलाच धोका दिसत नाही. बदलण्याची मात्र नको. तुमच्या दंडाला आधी पकडावं लागतं, आणि फीडरवर दहातला कुठला इन्व्हर्टर २६५ वर आहे हे बाहेरून ओळखणं सोपं नाही.

मालक मीच:
उत्पादक चाचणीशिवाय पाठवतो तेव्हा त्यालाही पकडावंच लागतं की. ते कोण करतंय आज?

कडक ऊन:
बघितलं. बसवतानाच्या अहवालात ग्रिड कोड म्हणून आपला लिहिलाय, आता स्क्रीनवर 50 Hz Default. कंपनीच्या अपडेटच्या टिपणात फक्त "स्थैर्यात सुधारणा" असं एक वाक्य आहे.

फीडरवाला:
दोन्ही पानांचे फोटो काढून कंपनीला आणि वितरण कंपनीला एकाच ईमेलमध्ये पाठवा. प्रोफाइल परत लावून घ्या, दाते जातील, सपाट माथा परत येईल. तो सपाट माथाही नको असेल तर केबल बदला. मीटरच्या आतली आहे, ती तुमची.

पाना-पकड:
कोड मी मागवतो. प्रोफाइल परत लावतो, २६५ नाही करत, झालं समाधान? पण चूक कंपनीची, आणि छपरावर दुसऱ्यांदा चढण्याचे पैसे मी कुणाकडून घ्यायचे ते सांगा.