थकीत बिलाच्या मेलमधील टोमणे: काढावेत की ठेवावेत?

सुटेभागवाला: आमचा छोटा वर्कशॉप एका मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवतो. पुढील मसुदा त्यांच्या खरेदी विभागाला पाठवायचा आहे. वाचणाऱ्याला तो खोचक वाटेल का?

"महोदय, याआधीच्या मेलमध्ये स्पष्ट लिहिल्याप्रमाणे ३ जूनच्या बिलाची १,८६,००० रुपये रक्कम अद्याप जमा झालेली नाही. कदाचित माझे मेल आपल्या नजरेतून सुटले असावेत. आपण व्यग्र असता याची कल्पना आहे, तरी सवड मिळाल्यास उत्तर द्यावे. आगाऊ धन्यवाद."

जुना लेखापाल: होय, वाटेल, आणि त्याला कारण रकमेची मागणी नसून तिच्याभोवतीची वाक्ये आहेत. "स्पष्ट लिहिल्याप्रमाणे" यातला "स्पष्ट" समोरच्याला वाचता येत नाही असे सुचवतो, "नजरेतून सुटले असावेत" हे वाक्य सबब पुरवल्याचा आव आणून हलगर्जीपणाचा आरोप करते आणि "सवड मिळाल्यास" म्हणजे तुम्ही कामाला किंमत देत नाही, असेच ऐकू येते. मी एक साधी कसोटी लावतो. वाक्य खोडून पाहावे. माहिती कमी झाली तर ते ठेवावे, फक्त राग कमी झाला तर काढून टाकावे. तुमच्या मसुद्यात या कसोटीवर बिलाची तारीख आणि रक्कम एवढेच उरते; मुदत कधी संपली आणि तुम्हाला नेमके कोणते उत्तर हवे आहे, या दोन गोष्टी मुळातच आलेल्या नाहीत.

दुसरे असे की खरेदी विभागातल्या माणसाच्या हातात पैसे नसतात. पुष्कळदा स्टोअरने जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, केलेली नसते किंवा माल तपासणीत अडकलेला असतो, आणि टोमणा मात्र त्यालाच बसतो जो तुमच्यासाठी आत फोन करू शकला असता.

लेथमास्तर: मला हे पटत नाही. मी वर्षानुवर्षे गोड मेल लिहिले आणि ते सगळ्यांत खाली गेले. ज्याच्या मेलने अवघडल्यासारखे होते त्याचेच बिल आधी निघते. शिवाय कायद्याने ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, मग नरमाई कशासाठी? साहेबांना सीसी करा आणि पाठवा.

जुना लेखापाल: अवघडलेपणा हवा हे मान्य आहे, पण तो तारखांनी आणावा. कायद्याबद्दल मात्र थोडी दुरुस्ती हवी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात ४५ दिवस ही लेखी करार असतानाची कमाल मर्यादा आहे; करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. विलंबावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांनाच आहे, म्हणून आपली उद्यम नोंदणी आधी तपासावी. मी मेल असा लिहीन:

"३ जूनच्या बिलाची १,८६,००० रुपये रक्कम जमा झालेली नाही. ठरलेली ४५ दिवसांची मुदत १८ जुलैला संपली. आपल्या स्टोअरने ३ जूनला माल स्वीकारल्याची सही असलेले चलन सोबत जोडले आहे. बिल सध्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल, हे शुक्रवारपर्यंत कळवावे. एखादा कागद कमी असल्यास सांगावे, त्याच दिवशी पाठवतो."

यात एकही विशेषण नाही, तरीही उत्तर टाळणे कठीण आहे, कारण प्रश्न दोनच आहेत आणि दोन्हींची उत्तरे ठरावीक आहेत.

सोसायटी सचिव: आमच्याकडे देखभाल शुल्क थकवणाऱ्या सभासदांना मी ठळक लाल अक्षरांत मेल पाठवत असे आणि त्यावरून सर्वसाधारण सभेत मोठा वाद झाला. म्हणून सांगतो, रंग आणि उद्गारचिन्हे काढा.

सुटेभागवाला: माझ्या मेलमध्ये लाल अक्षरे नाहीत, प्रश्न शब्दांचाच आहे. व्याजाचा उल्लेख याच मेलमध्ये करावा का?

जुना लेखापाल: माझ्या मते पहिल्या विलंबाला करू नये. उत्तर न आल्यास पुढच्या मेलमध्ये "१९ जुलैपासून कायद्यानुसार व्याज लागू होते" हे एकच वाक्य उघडपणे लिहावे. "पुढील पावले उचलावी लागतील" अशी मोघम धमकी त्याहून जास्त झोंबते.

लेथमास्तर: मसुदा चांगला आहे, हे मान्य करतो. पण व्याजाचे वाक्य उशिरा येता कामा नये आणि सीसीवर मी ठाम आहे.

जुना लेखापाल: न सांगता केलेली सीसी म्हणजे लेकी बोले सुने लागे. करायचीच असेल तर "बिल लेखा विभागात असण्याची शक्यता असल्याने त्यांनाही प्रत पाठवत आहे" असे कारण मेलमध्येच लिहावे, आणि प्रत साहेबांना न पाठवता लेखा विभागाला पाठवावी.

लेथमास्तर: लेखा विभाग साहेबांच्या सहीशिवाय हलत नाही, हा माझा अनुभव आहे. मी प्रत साहेबांनाच पाठवीन, पण कारण लिहून.