मदत हवी आहे: अल्डोस्टेरॉन वाढलेलं, तरी पोटॅशियम का घसरलं नाही?

सोलापूरची_नर्स: नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात वॉर्डात यंत्रमागावर काम करणारे एक काका आले. दोन दिवस नुसता घाम, पाणी फार कमी. जीभ कोरडी, बीपी ९०/६०, लघवीतलं सोडियम फक्त ८. म्हणजे सोडियम धरून ठेवणारं हार्मोन अल्डोस्टेरॉन वाढलेलंच असणार आणि ते पोटॅशियम बाहेर टाकतं असं आम्हाला शिकवलंय. तरी पोटॅशियम ४.२! रात्री सलाइनच्या चार बाटल्या गेल्या आणि सकाळी ३.५. हे उलटं कसं? तीन दिवस डोक्यात हेच घोळतंय.

औषधदुकान: अल्डोस्टेरॉन एक सोडियम आत घेतं, एक पोटॅशियम बाहेर टाकतं. परिणाम दिसायला वेळ लागतो, म्हणून सकाळी घसरलं.

किडनीवाला: वेळ लागतो हे खरं, पण काका दोन दिवस कोरडेच होते, तेवढा वेळ पुरेसा आहे. आणि हिशेब एकाला एक असा नसतो. किडनीतल्या नळीच्या शेवटच्या तुकड्यात, म्हणजे कलेक्टिंग डक्टमध्ये, सोडियम आत शिरलं की नळीत ऋण भार उरतो, त्या ओढीने पोटॅशियम बाहेर येतं. अल्डोस्टेरॉन सोडियम आत घेणारी दारं वाढवतं, पण दारापर्यंत सोडियम यायला हवं ना?

दिवसाला साधारण ७०० मिलीमोल पोटॅशियम गाळलं जातं. त्यातलं नव्वद टक्के प्रॉक्सिमल नळी आणि हेन्लेचा लूप परत घेतात. लघवीत किती जाणार हे मुख्यतः शेवटच्या तुकड्यातल्या स्रावावर ठरतं. काकांचं अँजिओटेन्सिनही वाढलेलं, ते सोडियम वाटेतच उचलतं. शेवटी पोचतं थोडंसं, प्रवाहही मंद. म्हणून अल्डोस्टेरॉन भरपूर असूनही पोटॅशियम टिकलं. सलाइन दिल्यावर सोडियम आणि पाणी तिथवर पोचलं. अल्डोस्टेरॉनने बनवून घेतलेली प्रथिनं मात्र हार्मोन उतरलं तरी काही तास काम करत राहतात, म्हणून आता पोटॅशियम बाहेर जाऊ शकलं.

अक्कलकोट_रोड: माझ्या वडिलांचं पोटॅशियम ५.८ आलंय. हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन आणि बीपीची गोळी चालू आहे. त्यांनाही सलाइन लावायचं का?

किडनीवाला: नाही दादा, तुमची गोष्ट उलटी आहे. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला कामच करू देत नाही, आणि बीपीच्या काही गोळ्या ते तयार होणंही कमी करतात. आजच डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा, गोळ्या मनाने बंद करू नका. घरात 'कमी सोडियमचं मीठ' असेल तर तेही सांगा, त्यात बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं.

अक्कलकोट_रोड: आहे हो, महिन्यापासून तेच वापरतोय. लगेच निघतो.

औषधदुकान: पण दोन लिटर सलाइनने रक्त पातळ झालं, म्हणूनही ३.५ येईल की.

किडनीवाला: थोडं येईल, तो मुद्दा बरोबर आहे. सकाळच्या लघवीतलं पोटॅशियम किती होतं?

सोलापूरची_नर्स: पाठवलंच नव्हतं, फक्त रक्त घेतलं.

किडनीवाला: मग किती पातळ झाल्यामुळे आणि किती लघवीतून गेल्यामुळे, हे आता वेगळं काढता येणार नाही.

सोलापूरची_नर्स: पुढच्या अशा पेशंटला सलाइनच्या आधी आणि नंतर, दोन्ही नमुने पाठवायचे का हे उद्या सिस्टरना विचारते.