'हरकत आहे का?' या प्रश्नाला 'हो' म्हणजे नक्की काय?

फराळवाली_सून
दादरला आमचा घरगुती फराळाचा धंदा आहे, म्हणजे सासूबाईंचा. मोबाइलवरचं सगळं माझ्याकडे. बिलाबरोबर गिऱ्हाइकाला एक गूगल फॉर्म जातो. कुणी पाच तारे दिले की त्याचं वाक्य आपोआप ठरलेल्या चित्रात बसतं, खाली नाव येतं आणि ते इन्स्टाग्रामवर जातं. अट एकच, त्या माणसाची परवानगी हवी. त्यासाठीचा प्रश्न सासूबाईंनी सांगितला तसाच टाकला: 'तुमचा अभिप्राय आमच्या पानावर टाकायला तुमची हरकत आहे का?' पर्याय हो आणि नाही. पुढची जुळणी भाच्याने केली. त्याने प्रश्न वाचलाच नाही बहुतेक:

```
if (tare === 5 && uttar === "हो") chitraBanva();
```

दिवाळीत पाच ताऱ्यांचे 38 अभिप्राय आले. 31 जणांनी 'नाही' लिहिलं, 7 जणांनी 'हो'. चित्रं गेली ती या 7 जणांची! एका बाईंचा फोन आला, "मी स्पष्ट हो लिहिलं होतं, तरी माझं नाव टाकलंत?" लगेच सगळी चित्रं काढली आणि सातही जणांना फोन केले. गंमत म्हणजे पाच जण म्हणाले, हो म्हणजे टाका की! खरी हरकत दोघांचीच.
आता फॉर्म बदलायचा आहे. हरकतीऐवजी कुठला शब्द घेऊ? संमती, परवानगी की अनुमती?

देशीकार
अनुमती. हरकत अरबी, परवानगी फारसी. आपल्याकडे शब्द असताना उसनवारी कशाला?

बोरिवली_फास्ट
एवढा काथ्याकूट कशाला? पाच तारे दिले, खाली नाव लिहिलं, म्हणजे परवानगी आलीच. गूगल मॅपवर तर सगळं उघडंच असतं. भाच्याला 'हो'च्या जागी 'नाही' लिहायला सांगा, विषय संपला.

कोरा_कागद
संपत नाही ना. 'हो' लिहिणाऱ्या सातांपैकी पाच जणांनी प्रश्न उलटा वाचला. मग 'नाही' लिहिणाऱ्या 31 जणांतही 'नाही, टाकू नका' असं म्हणायचं असलेले असणारच. ते कोण हे त्या रकान्यावरून कधीच कळणार नाही. कोड उलटा केला तर नेमकी त्यांची चित्रं बाहेर जातील. ही सगळी उत्तरं बाद धरा आणि 31 जणांना नव्याने विचारा.
मॅपबद्दल म्हणाल तर माणसाने तिथे स्वतः लिहिलं, स्वतःच्या नावाने, आणि वाटलं तर तो ते पुसूही शकतो. तेच वाक्य तुमच्या रंगात, तुमच्या दुकानाच्या नावाखाली गेलं की ती तुमची जाहिरात झाली. शब्द त्याचेच राहतात. 2023 च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यातही संमती निःसंदिग्ध आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी असं आहे, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं. 'हरकत आहे का'चं उत्तर निःसंदिग्ध नाही हे तुमच्या सात फोनांनीच दाखवलं.

नाना_ठाणेकर
आमच्या हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी इस्पितळात सही घेतली होती त्याला 'सम्मतीपत्र' असं छापलं होतं. शुद्ध 'संमतिपत्र'. एकटा शब्द असेल तर संमती दीर्घ, समासात पहिलं पद आलं की ऱ्हस्व. ताईंनी फॉर्ममध्ये ही चूक करू नये.

फराळवाली_सून
नाना, मी पत्र काढत नाहीये हो, एक टिकमार्क आहे फक्त.

शब्दवेडी
मला तरी परवानगी वरून खाली येणारी वाटते. महापालिका परवानगी देते, वडील देतात. गिऱ्हाईक दुकानदाराला परवानगी देतं हे ऐकायला उलटंच वाटतं. संमती बरोबरीची आहे, पण तिला लगेच लग्नाचा वास येतो. अनुमती तर नाटकातल्या राजाने द्यावी.
देशीकार, उसनवारीच म्हणाल तर राजीनामा बघा. मुळात 'राजी' असल्याचा कागद. हिंदीत आजही तडजोडीला राज़ीनामा म्हणतात, आपण त्यात नोकरी सोडली. हरकतीचंही तेच. अरबीत हालचाल, हिंदीत आगाऊपणा, मराठीत आक्षेप, आणि गाणारा घेतो ती हरकत तर आपल्याला हवीच असते. एवढा संसार केल्यावर तो शब्द परका कसा?

देशीकार
संसार केला म्हणून जात बदलत नाही. अहो, रघुनाथपंतांनी शिवाजी महाराजांच्या काळात राजव्यवहारकोश उगाच केला का?

शब्दवेडी
कोश झाला, तरी आपण अजून अरबी 'अर्ज'च भरतो.

कोरा_कागद
भांडा, पण शब्द कुठलाही घेतलात तरी घोटाळा शब्दाचा नव्हता, हो-नाहीचा होता. हरकत, आक्षेप, विरोध हे नकाराचे शब्द आहेत. त्यांच्यापुढे 'नाही' आलं की दोन नकार एकमेकांना खातात. म्हणून पर्यायातच पूर्ण वाक्य लिहा. मी असे तीन ठेवते: 'नावासह टाका', 'नाव न देता टाका', 'टाकू नका'. आधीपासून कुठलीच खूण केलेली नसावी. 'परवानगी देतो/देते'ची तिरकी रेघही वाचते. शब्द टाका पण नाव नको असं म्हणणारे पुष्कळ असतात, हो-नाहीत त्यांना जागाच नसते.
कोडमध्ये पूर्ण वाक्य जसंच्या तसं जुळवा. 'टाका' हा तुकडा शोधाल तर 'नाव न देता टाका'वालेही सापडतील आणि नावासकट छापले जातील. आधीच्या जुळणीत 'हो' तुकडा शोधला असता तर 'प्रसिद्ध होऊ नये' लिहिणाराही पास झाला असता.
आणखी एक. फॉर्म भरला तेव्हाची खूण पाहू नका, चित्र जायच्या क्षणी रकाना पुन्हा वाचा. मधल्या काळात कुणी 'नको आता' असं कळवलं असेल.

फराळवाली_सून
हे पटलं. वाक्य लांब असेल तर मधूनच कापते, ते चालतं का?

कोरा_कागद
मी कापत नाही. 'चकली छान, पण तेलकट' यातलं 'चकली छान' एवढंच घेतलंत तर ते वाक्य त्या बाईंचं राहिलं नाही. 140 अक्षरांहून मोठं असेल तर मी ते आपोआप जाऊच देत नाही, हाताने बघते.

मुंबादेवी_मार्ग
माझ्या मते सगळ्यात सोपं मुंबईचं मराठी: 'तुमचे शब्द आमच्या पानावर टाकले तर चालेल का?' उत्तर 'चालेल' किंवा 'चालणार नाही'. क्रियापदच परत येतं, घोळ कसला?

शब्दवेडी
आवडलं! पण 'चालेल' फार कोमट आहे. चहा की कॉफी विचारलं तरी माणूस 'चालेल' म्हणतो.

देशीकार
आणि ते हिंदी 'चलेगा'चं भाषांतर आहे.

मुंबादेवी_मार्ग
उलट आहे. हिंदीवाल्यांनी चलेगा आपल्याकडून उचललं. माझी आजी गिरगावात चाळीत वाढली, तिला हिंदी येत नव्हतं आणि ती दिवसातून पन्नास वेळा चालेल म्हणायची.

नाना_ठाणेकर
आमच्या कोकणात 'चालात' म्हणतात.

देशीकार
आजी हा पुरावा नव्हे.

फराळवाली_सून
सासूबाई विचारतात, 'टाकू नका' फार तुसडं वाटतं, 'नको' लिहिलं तर?

मुंबादेवी_मार्ग
देशीकार, मग पुरावा तुम्ही द्या. चलेगा आधी की चालेल आधी?