'अप्रत्यक्ष पद्धत' म्हणजे अंदाजाची पद्धत का?

मंदाकिनी (डिचोली): एका सहकारी संस्थेच्या वार्षिक अहवालाचं मराठी करते आहे. रोख प्रवाह पत्रकाखाली 'अप्रत्यक्ष पद्धतीने तयार केले' असं मी गेल्या वर्षी लिहिलं होतं. सभेत एक वयस्क सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "प्रत्यक्ष पैसे मोजायचे सोडून अंदाजानं आकडा घातला काय?" अर्धा तास त्यातच गेला. शब्द कोशाप्रमाणे बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याला तो खोट्याच्या बाजूचा वाटतो. दुसरा कुठला शब्द सुचतो का?

गुरुदास (साखळी): ताई, अप्रत्यक्ष म्हणजे जीएसटीसारखं ना? दुकानदार भरतो पण भार गिऱ्हाइकावर. कराच्या बाबतीत हा शब्द सगळ्यांना कळतो, मग बदलायचा कशाला?

मंदाकिनी: करांचा इथे संबंध नाही, गुरुदासभाऊ. धंद्यातून वर्षभरात रोख किती आली, ते काढायच्या दोन रीतींची नावं आहेत.

अनंत (पेडणे): त्या सभासदांचं मला पटतं. प्रति अधिक अक्ष, म्हणजे डोळ्यांसमोरचं ते प्रत्यक्ष. त्याला 'अ' लावला की 'डोळ्यांआडचं' असाच अर्थ मनात येणार. 'थेट पद्धत' आणि 'वळशाची पद्धत' म्हणा. दोन्ही अस्सल मराठी शब्द आहेत आणि वळसा घेतला तरी माणूस घरीच पोचतो.

शैलेश (वास्को): मी सीएची तयारी करतोय. अप्रत्यक्ष पद्धतीत थोडा अंदाज असतोच की. नफा घ्यायचा, त्यात यंत्रांच्या झिजेचा घसारा मिळवायचा, कारण घसाऱ्यातून रोख येते, आणि मग येणी-देणी जुळवायची. घसारा अंदाजाचा, म्हणजे उत्तरही जवळपासचंच.

दामोदर (मडगाव): शैलेश, पायऱ्या बरोबर सांगितल्यास, कारण चुकलं. घसाऱ्यातून एक पैसा येत नाही. तो नफ्यातून वजा झालेला असतो, म्हणून परत मिळवायचा. नफा 10 लाख आणि घसारा 3 लाख, बेरीज 13. घसारा 4 लाख धरलास तर नफा 9 होईल, बेरीज पुन्हा 13च. अंदाज कितीही चुकला तरी तो दोन्हीकडून कटतो. चाळीस वर्षं हिशेब लिहिले, त्या सभासदांना मी एवढंच सांगितलं असतं.

सुहासिनी (वाळपई): विषय निघालाच आहे तर माझं गाऱ्हाणं ऐका. आमचं काजू फोडण्याचं छोटं युनिट आहे. मी रोजकीर्द आणि बँकेचं पासबुक घेऊन बसले आणि एकेक नोंद वेगळी केली: गिऱ्हाइकांकडून आले 54 लाख, बियांचे दिले 39, मजुरी-वीज वगैरे 10. राहिले 5 लाख. हिशेबनिसानं नफ्यावरून काढले ते 6 लाख. तो म्हणतो पद्धत वेगळी, फरक पडणारच.

दामोदर: फरक पडता कामा नये, सुहासिनीबाय. व्याज आणि कर बाजूला ठेवू. विक्री, बियांची खरेदी, आणि येणी, माल, देणी यांचे सुरुवातीचे नि शेवटचे आकडे द्या.

सुहासिनी: विक्री 60, बियांची खरेदी 42. येणी 8 ची 14 झाली. माल 5 चा 10 झाला. देणी 6 ची 10. घसारा 3, नफा 10. माल आणि देणी फुगलेली दिसतात कारण 31 मार्च आमच्या ऐन हंगामात येतो, गोदाम बियांनी भरलेलं असतं आणि बागायतदारांचे पैसे द्यायचे असतात.

दामोदर: आता ओळीओळीनं चला. विक्री 60, त्यातली 6 लाखांची येणी वाढली, म्हणजे हातात 54. विकल्या गेलेल्या मालाची किंमत 37. पण 5 लाखांचा माल जास्त साठवलात, म्हणून 42 ची खरेदी, आणि त्यातली उधारी जेवढी वाढली तेवढे पैसे अजून दिलेले नाहीत. मजुरी-वीज 10 ची 10च. घसारा 3, रोखीत शून्य. थेट पद्धतीत ही दुरुस्ती प्रत्येक ओळीत करून मग बेरीज करतात. दुसऱ्या पद्धतीत आधी सगळ्या ओळींची बेरीज, म्हणजे नफा, आणि त्याच दुरुस्त्या खाली एकगठ्ठा. बेरजेचा क्रम बदलला, दुरुस्त्या त्याच. मग उत्तर दोन कसं येईल? पण तुमच्या पासबुकाप्रमाणे बियांचे दिले 39, म्हणजे बियांची उधारी 3 नेच वाढली. ताळेबंद 4 म्हणतो. त्या 10 लाखांच्या देण्यांत बियांशिवाय आणखी कोणी आहे?

सुहासिनी: थांबा, वही बघते.

अनंत: तोवर एक सांगतो. कोकणीत 'रोखडोच ये' म्हणजे ताबडतोब ये. मराठीत रोकडा सवाल, रोकडं उत्तर. रोख म्हणजे आत्ता, समोर असलेलं. बंदुकीचा रोख, बोलण्याचा रोख, तोही त्याच कुळातला असणार, माझी खात्री आहे.

मंदाकिनी: दिशेचा रोख आणि पैशाचा रोख एकाच मुळातले हे मला पटत नाही, गुरुजी. उच्चार सारखा म्हणून कूळ एक होत नाही. 'रोखडो' मात्र छान सांगितलंत.

सुहासिनी: सापडला. फेब्रुवारीत बोरमा ड्रायर घेतला, त्या यंत्रवाल्याचे 1 लाख राहिलेत. हिशेबनिसानं ते बियावाल्यांच्या यादीतच घातलेत.

दामोदर: तोच तुमचा लाख. यंत्राची उधारी धंद्याच्या चालू व्यवहारात येत नाही. ती बाहेर काढा: 10 अधिक 3, वजा 6, वजा 5, अधिक 3. पाच. तुमचं पासबुक बरोबर होतं. ड्रायरचे जेवढे पैसे खरोखर दिलेत, ते गुंतवणुकीच्या भागात जातील.

शैलेश: सर, परीक्षेत आम्ही थेट पद्धतही ताळेबंदावरूनच काढतो. तिथे दोन्ही जुळले म्हणजे हिशेब बरोबर, असं म्हणता येईल?

दामोदर: नाही. थेट आकडाही त्याच येण्या-देण्यांवरून काढलास तर एकच चूक दोन्हीकडे जाते आणि उत्तरं गोडीनं जुळतात. इथे चूक पकडली गेली ती सुहासिनीबाय पासबुकावरून गेल्या म्हणून. मोठ्या कंपन्यांत हजारो पावत्या अशा वेगळ्या करणं जिकिरीचं, त्यामुळे बहुतेक जण नफ्यावरून जातात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तर सेबीच्या नियमानं अप्रत्यक्ष पद्धतच वापरावी लागते.

मंदाकिनी: मग मी 'नफ्यापासून मागे जाऊन काढलेली रोख' असं लिहिते. शनिवारी छपाईला द्यायचंय.

दामोदर: पत्रकावर नको. लेखा मानक 3 मध्ये दोन्ही पद्धती नाव घेऊन दिल्या आहेत, लेखापरीक्षकाला तेच नाव हवं असतं. शब्द ठेवा आणि खाली दोन ओळींची टीप घाला.

अनंत: म्हणजे लोकांना न कळणारा शब्द कायम, आणि तो समजावायला टीप! 'थेट'ला मानकाची काय हरकत आहे?

गुरुदास: थेट चालेल, पण वळशाची म्हटलं की माझ्यासारख्याला पैसे वळवलेत असं वाटेल, गुरुजी.

सुहासिनी: दामोदरकाका, आणखी एक. हंगामापूर्वी बागायतदारांना आम्ही उचल देतो, काही जण बिया पुढच्या वर्षी घालतात. ती उचल येण्यांत धरायची ना?

दामोदर: बियांपोटी असेल तर चालू व्यवहारातच, येण्यांसारखी: वाढली की वजा. पण कोणाला घर दुरुस्तीला वगैरे उसने दिले असतील तर ते कर्ज झालं, त्याची जागा वेगळी. यादी काढा, नावासमोर कशासाठी दिले ते लिहा, मग बोलू.