गेटवरची कुत्री आणि साडेदहाचा भात: खाऊ घालणं बंद करावं का?

सेकंडशिफ्ट_वाळूज: रात्री बाराला कंपनीतून येतो. गेटसमोर पाच कुत्री पडलेली असतात, गाडी दिसली की अंगावर येतात. सोसायटीतल्या एक ताई साडेदहाला तिथंच भात टाकतात. खाऊ घालणंच बंद करा असं मीटिंगमध्ये मांडावं म्हणतो. चूक आहे का?

थेट_बोलतो: बिलकुल चूक नाही. सुप्रीम कोर्टानंच रस्त्यावर खायला घालायला मनाई केली आहे. चार दिवस भात बंद करा, कुत्री आपोआप दुसरीकडं जातील.

गुरांचा_डॉक्टर: भाऊ, अर्धंच सांगितलंत. ऑगस्ट 2025 च्या त्याच आदेशात वॉर्डावॉर्डात खाऊ घालायच्या जागा ठरवून द्यायला सांगितलंय. आणि 2023 च्या नियमांप्रमाणे सोसायटीच्या आवारातली जागा ठरवायची जबाबदारी सोसायटीवर आहे. ती जागा जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळायच्या ठिकाणापासून दूर हवी. म्हणजे गेटवर भात टाकणं चूकच आहे, पण खाऊ घालणं चूक नाही.

चार दिवसांत कुत्री जात नाहीत. कचऱ्याच्या पिशव्या फाडायला लागतात आणि जास्त चिडकी होतात. मुळात भांडण जागेचं आहे. साडेदहाला पडलेला भात बारापर्यंत थोडाफार उरतो, तो राखत ती बसतात. त्यात फाटक अरुंद. गाडी आत घ्यायची तर त्यांच्या भातावरूनच जावं लागतं.

बी_विंगच्या_काकू: आमच्या स्कुटीच्या टायरवर रोज घाण करायलेत, सीट पण फाडली. त्यावर कुणी काही सांगा की! डांबराच्या गोळ्या टाकू का?

गुरांचा_डॉक्टर: काकू, गोळ्या नका टाकू. त्या विषारी असतात, पोरांच्या हाताला लागल्या तर अवघड. टायर धुवा, सीटवर जाड कव्हर घाला. स्कुटीचा वेगळा धागा काढा ना.

सेकंडशिफ्ट भाऊ, आता रात्रीचं. दुरून भुंकत येऊन मध्येच थांबणारं कुत्रं बहुतेक वेळा नुसतं हाकलत असतं. लक्ष ठेवायचं ते गप्प असलेल्यावर: अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर रोखलेली, शेपटी वर आणि टोकाशी हळू हलणारी. शेपटी हलतेय म्हणजे लाडात आलंय असं समजू नका; लाडातल्या कुत्र्याचं सगळं अंग सैल हलतं. मागून वळसा घालून पिंढरीकडं येणारंही तसलंच. पिल्लं असलेली कुत्री तर गाडीखालूनच झेप घेते, म्हणून गेटजवळ उभ्या गाड्यांना चिकटून चालू नका.

वळणावरच पहिला गिअर टाका. पाय वर उचलू नका, त्यानं तोल जातो आणि चावण्याआधी पडूनच लागतं. अगदी जवळ आली तर थांबा, उतरा, गाडी मध्ये ठेवा. नजरेला नजर न देता हळू सरका. पाठ फिरवून पळायचं नाही. हेल्मेटमध्ये ती माणूस ओळखत नाहीत, म्हणून काच वर करून वॉचमनला हाक मारा. आवाज ओळखीचा झाला की बराच फरक पडतो.

थेट_बोलतो: आणि चावलंच तर? यांची तर नसबंदी झालीय, कानाला खाच आहे.

गुरांचा_डॉक्टर: खाच नसबंदीची खूण. रेबीजची लस दरवर्षी द्यावी लागते, ती यंदा दिलीय की नाही हे कान सांगत नाही. चावलं तर नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद-मिरची लावायची नाही, पट्टी आवळायची नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं इंजेक्शनही मागून घ्या, लोक तेच विसरतात.

भात_वाली_ताई: मीच ती. गेटवर टाकते कारण तिथं लाईट आहे. जागा बदलली तर कुत्री येतील का?

गुरांचा_डॉक्टर: येतील, पण ताई, एकदम नका बदलू. दोन दिवसाला दहा-पंधरा फूट सरकवत मागच्या भिंतीकडं न्या. वेळ आठची करा. पाच कुत्र्यांना पाच थाळ्या, मध्ये सहा-सात फूट अंतर. दांडग्याला पहिली थाळी द्या, म्हणजे तो बाकीच्यांच्या अंगावर जात नाही. भाकरी ताकात कुस्करून दिली तरी चालते. हाडं नकोत, त्यावरून मारामाऱ्या होतात. वीस मिनिटांनी थाळ्या उचलून जागा धुवायची. हे शेवटचं झालं नाही तर मागच्या भिंतीलाही गेटच होईल.

थेट_बोलतो: पैसे कुणाचे? मेंटेनन्समधून एक रुपया देणार नाही.

भात_वाली_ताई: खाण्याचे आम्ही तिघी देतो, कधी मागितले? मागच्या भिंतीला एक दिवा आणि वर्षाची लस, एवढं सोसायटीनं करावं.

थेट_बोलतो: लस समजू शकतो, ती सगळ्यांच्याच कामाची. दिव्याचं बघू.

तळमजला_सी2: थांबा जरा. मागची भिंत म्हणजे माझ्या बेडरूमची खिडकी. मला कुणी विचारलं का?

गुरांचा_डॉक्टर: बरोबर, तुमच्या होकाराशिवाय नको. बोअरच्या बाजूचा कोपरा चालेल का? तिथं खिडक्या नाहीत.

तळमजला_सी2: तिथं टँकर लागतो, उन्हाळ्यात दिवसाआड. आठलाच येतो बऱ्याचदा.

सेकंडशिफ्ट_वाळूज: टँकरच्या दिवशी नऊला घाला, मी यायच्या आत थाळ्या उचलल्या म्हणजे झालं. मीटिंगला 'बंद करा' ऐवजी हेच मांडतो.